धागा: जाड काडीचा चष्मा आणि ओव्हर-इअर हेडफोन, उजवा कान दुखतोय आणि बेस गायब

कोपरची_कावेरी
डोंबिवली ते सीएसएमटी रोजचा प्रवास, सकाळी फास्ट, कधी सव्वा तास कधी जास्त. हेडफोन दोन वर्षं जुने, वायरलेस, ओव्हर-इअर, नॉइज कॅन्सलिंगवाले. इतके दिवस एकदम मस्त चालले. तीन महिन्यांपूर्वी चष्म्याची फ्रेम बदलली, आधी बारीक मेटलची होती, आता जाड काळी अ‍ॅसिटेटची घेतली कारण ऑफिसात सगळ्यांनी घेतली म्हणून (हसू नका). तेव्हापासून दोन प्रॉब्लेम. एक, साधारण ठाणं गेलं की उजव्या कानाच्या वर आणि मागे ठणकायला लागतं, कुर्ल्याला हेडफोन काढावेच लागतात. दोन, कुठेतरी लीकेज असावं, गाडीची घरघर आत यायला लागलीय आणि गाण्याचा बेस पातळ झालाय, तबला डब्यावर वाजवल्यासारखा. सर्व्हिस सेंटरला नेले तर तिथल्या माणसाने स्वतःच्या कानाला लावून बघितले आणि म्हणाला ओके आहेत मॅडम. त्याला चष्मा नव्हता हे मला घरी आल्यावर लक्षात आलं.
हेडफोन बदलू का फ्रेम बदलू? फ्रेमला साडेचार हजार घातलेत म्हणून जीव जातोय.

मुलुंडचे_काका
लीकेज म्हणजे बाजूवाल्याला ऐकू येतं तेच ना? मग आवाज कमी ठेवा, सोपं आहे. आमच्या डब्यात एक जण रोज अभंग लावतो, आख्ख्या डब्याला ऐकू येतात. तक्रार नाही म्हणा, सकाळी बरे वाटतात.

कोपरची_कावेरी
काका उलटं, माझं बाहेर जात नाहीये, बाहेरचं आत येतंय 😅

माहीमचा_कान
काका अर्धे बरोबर आहेत खरं तर, भोक एकच असतं, त्यातून दोन्हीकडे वाहतूक होते. पण कावेरीला त्रास आत येणाऱ्याचा आहे.
मी डबिंग स्टुडिओत काम करतो, दिवसाला आठ तास हेडफोन आणि नंबर मायनस पाच, त्यामुळे हा विषय माझ्या कानावरून गेलेला नाही, कानावर बसलेला आहे. आधी एक गोष्ट वेगळी करूया. तुला दोन त्रास होतायत आणि दोघांचं कारण काडीच आहे, पण उपाय एक नाही. कधी कधी तर एकाचा उपाय दुसऱ्याला वाढवतो.
आधी बेसचं. हेडफोनच्या वाटीत बेस ऐकू यायला आत बंद हवेची खोली लागते. खालचे सूर हवा सावकाश मागेपुढे ढकलतात, तेवढ्या वेळात ती हवा जिथे फट मिळेल तिथून निसटते आणि कानाच्या पडद्यावर जोर पोचतच नाही. वरचे सूर इतके भराभर असतात की हवेला पळायला वेळच मिळत नाही, म्हणून ते जवळजवळ तसेच राहतात. म्हणून तुला तबल्याची चाट नीट ऐकू येत असेल आणि डग्गा गेला असेल. आवाज सगळा कमी झाला असं वाटत नसेल, खालचा भाग कापल्यासारखा वाटत असेल. बरोबर?
आता भोक कुठे. काडी पॅडच्या खालून जाते. पॅड काडीवर वाकतं, पण काडीच्या कडेला लगेच खाली उतरू शकत नाही, त्यामुळे काडीच्या वर आणि खाली दोन्ही बाजूंना बारीक तिकोनी बोगदा तयार होतो. दीड मिलिमीटरच्या मेटल काडीला तो नगण्य असतो, तुझ्या जाड काडीला नाही. पॅड जितकं मऊ तितकं ते बोगद्यात उतरतं.
आणि नॉइज कॅन्सलिंगचं काम मुख्यतः खालच्याच आवाजावर चालतं, गाडीची घरघर, एसीचा घुं आवाज. वरचे आवाज अडवतं ते पॅड स्वतः. म्हणजे भोक नेमकं तिथेच मारतंय जिथे मशीन राबतंय.

निनाद_विलेपार्ले
एवढं काही नाही, बँड घट्ट कर. हेडबँडचा कप आतल्या बाजूला थोडा वाकवला की दाब वाढतो आणि सील बसतं. मी केलंय, बेस परत आला.

माहीमचा_कान
@निनाद बेस आला असेल, खोटं नाही. पण तिचं पहिलं दुखणं काय आहे ते वाच. पकड वाढवली की फट बुजते आणि कान जास्त दुखतो. बहुतेक मोठ्या हेडफोनची पकड अशी असते की डोक्याच्या दोन्ही बाजूंनी साधारण अर्धा किलो वजन दाबून धरलंय असं समज, मॉडेलप्रमाणे थोडं कमीजास्त. पॅड सगळं गोलाकार बसलं की हे वजन पूर्ण कड्यावर पसरतं आणि जाणवत नाही. मध्ये काडी आली की सगळ्यात आधी तिच्यावर येतं आणि बोटभर लांबीच्या पट्टीवर साठतं. हाडावर कातडी पातळ तिथे ही पट्टी बसली की अर्ध्या तासात ठणका. वजन तेवढंच आहे, जागा कमी झाली.
आणि प्लास्टिकचा बँड वाकवत बसू नका, बिजागरीपाशी तडा जातो. ज्यांना उलटं ढिलं करायचंय त्यांनी पण रात्रभर पुस्तकांच्या गठ्ठ्यावर ताणून ठेवायचं ते फक्त आतमध्ये स्टीलची पट्टी असलेल्या बँडलाच, आणि थोडं थोडं.

निनाद_विलेपार्ले
माझ्याचा तडा गेलाय, उजव्या बाजूला. मला वाटलं होतं उन्हामुळे.

माहीमचा_कान
😂
कावेरी, घरी ह्या दोन टेस्ट कर. एक, फोनवर कुठलंही टोन वाजवणारं अ‍ॅप घे आणि ४० हर्ट्झचा सूर लाव, आवाज हळू ठेवूनच. आधी नॉइज कॅन्सलिंग बंद ठेव, कारण चालू असताना बऱ्याच हेडफोनचा आतला माइक बेस कमी झालेला ओळखून थोडा भरून काढतो आणि फरक लपतो. चष्मा काढून ऐक, मग घालून ऐक. चष्मा घातल्यावर सूर एकदम बसला तर बोटाने पॅड काडीच्या लगेच पुढे, कपाळाच्या बाजूला दाब. मग कानामागे दाब. जिथे दाबल्यावर सूर परत फुगतो, तिथे फट.
दोन, दुखण्याची. चष्मा घाल, हेडफोन घाल, पाच मिनिटांनी काडी बोटाने अर्धा सेंटिमीटर वर उचल, कानाच्या वरच्या टोकापासून सुटी. दुखणं तिथल्या तिथे कमी झालं तर ते काडीचं. मग नेमकं कुठे दुखतं ते बघ, डोळ्याच्या बाजूला सपाट भागावर का कानामागच्या वाकणाशी. ह्या दोघांचा उपाय वेगळा.

प्रिया_ठाणे
मी मध्येच विचारते, माझं डोकं दुखतं हेडफोन घातल्यावर, पण नंबर वाढलाय असं मला वाटत होतं. हे काडीमुळे असू शकतं का? मी डोळे तपासून आले, नंबर तेवढाच.

माहीमचा_कान
नंबर तेवढाच असेल आणि हेडफोन काढल्यावर पंधरा मिनिटांत जात असेल तर काडीचा संशय घ्यायला हरकत नाही. हेडफोन न घालता पण दुखत असेल तर आमच्याकडे उत्तर नाही, डॉक्टरांना विचारा.

कोपरची_कावेरी
टेस्ट झाल्या. रविवार सकाळ वाया, आई विचारतेय पोरीला काय झालंय, एकाच सुरावर डोळे मिटून बसलीय.
चष्म्याशिवाय सूर भरगच्च, चष्मा घातल्यावर डावीकडे थोडा बसला, उजवीकडे जवळजवळ गेला. पुढे दाबलं तर किंचित फरक, कानामागे दाबलं तर एकदम फुगला. दुखणं पण मागचंच, काडी जिथे खाली वळते तिथे. काडी उचलली की लगेच बरं वाटतं. डावीकडे काही नाही. दोन्ही काड्या सारख्याच आहेत ना, मग एकच कान का?

दादरचा_चष्मेवाला
वाचतोय केव्हापासून, आता राहवलं नाही. घरचं दुकान आहे, वडील चाळीस वर्षं बसतात, मी दहा. ताई, काड्या सारख्या असतात, कान सारखे नसतात. आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच जणांचा एक कान थोडा वर किंवा थोडा पुढे असतो. काडीच्या आत बारीक अक्षरात तीन आकडे असतात बघा, शेवटचा १४० किंवा १४५ असा. ती काडीची पूर्ण लांबी, वळणापर्यंतची नाही. वळण कुठे सुरू करायचं ते दुकानातल्या माणसाने चेहरा बघून करायचं असतं, आणि जाड फ्रेमला घाईत असतील तर करत नाहीत, जशी डब्यातून आली तशी देतात.
मला वाटतं तुमचं उजवं वळण कानाच्या आधी सुरू होतंय, म्हणजे काडी कानाच्या मुळावर टेकायच्या ऐवजी वळणाचा कोपरा कानाच्या वरच्या टोकाला घासतोय. चष्मा नुसता असताना त्रास होत नाही कारण काडीला बाहेर पसरायला जागा असते. हेडफोन आला की जागा संपली आणि तो कोपरा आत दाबला जातो. शिवाय कोपरा म्हणजे पॅडखाली टेकाड, मागे फट तिथेच पडणार.
जिथून घेतली तिथेच जा. अ‍ॅसिटेट गरम हवेत मऊ होतं, वळण सेंटिमीटरभर मागे सरकवता येतं, पाच मिनिटांचं काम, बहुतेक ठिकाणी फुकट. घरी हेअर ड्रायरने करू नका, काचेवरचं कोटिंग जाळतात लोक. आणि ज्यांची फ्रेम टीआर-९० प्लास्टिकची आहे, हलकी लवचीक, ती गरम करून वळवली तरी परत मूळ आकाराकडे जाते, तिला हा उपाय नीट चालत नाही.

निनाद_विलेपार्ले
मग टायटॅनियमची बारीक काडी घ्यायची ना, प्रश्नच मिटला.

दादरचा_चष्मेवाला
मिटतो बऱ्यापैकी. पण शेवटच्या टोकाला मेटल काडीला पण प्लास्टिकची टोपी असते, ती जाड असेल तर तीच टोचते. आणि नंबर जास्त असला की बारीक फ्रेमवर जड काच, चष्मा नाकावरून घसरतो, लोक मग काड्या घट्ट करून घेतात. घट्ट काडी अधिक हेडफोन, तेच दुखणं नव्या पद्धतीने.

कोपरची_कावेरी
जाऊन आले. दुकानदाराने आधी नाक मुरडलं, मग वळण करून दिलं, साधारण ८ मिलिमीटर मागे आणि उजवी काडी किंचित बाहेर. आज सोमवारी डोंबिवली ते सीएसएमटी हेडफोन काढावे लागले नाहीत! थोडं जाणवलं सँडहर्स्ट रोडला, पण ठणका नाही.
पण घरघर तशीच आहे. टोनची टेस्ट परत केली, उजवीकडे सुधारलंय, डावीएवढं झालंय, चष्म्याशिवाय जेवढं होतं तेवढं नाही.

माहीमचा_कान
दुखणं वळणाचं होतं, फट जाडीची. आता पॅडकडे बघ. दोन वर्षं झालीत म्हणालीस. पॅड दोन बोटांनी दाबून सोड, किती वेळात फुगतं? आणि आतल्या कडेचं चामडं सोलतंय का?

कोपरची_कावेरी
फुगतं, पण पूर्ण नाही. काडी जिथे बसते तिथे एक कायमची दरी पडलीय. आणि हो सोलतंय, काळे तुकडे कानाला चिकटतात, मला वाटलं कोंडा आहे.

मुलुंडचे_काका
आमच्या सोफ्याचं पण असंच झालं, दोन पावसाळे टिकला नाही. ते चामडं नाहीच, कापडावर प्लास्टिकचा थर आहे. मुंबईच्या दमटपणात आणि घामात तो फुटतो.

माहीमचा_कान
काकांचा सोफा इथे एकदम बरोबर बसतो. पॉलियुरेथेनचा थर, ओलाव्याने सुटतो. आणि त्यामुळे कावेरीच्या प्रश्नाचं उत्तर थोडं बदलतं. तुझे पॅड फ्रेम बदलायच्या आधीच बसलेले असणार. बारीक काडीने ते झाकलं होतं, जाड काडीने उघडं पाडलं. म्हणून तुला वाटलं फ्रेम आल्यावर हेडफोन बिघडले.
पहिला खर्च हेडफोनचा नको, पॅडचा कर. पण बाजारात मिळणारे कुठलेही घेऊ नकोस.

गेमर_गोरेगाव
इथे माझी कथा. मी वेल्वेटसारखे मखमली पॅड लावले, चष्म्याला भारी, काडी आत बुडून जाते, कान गरम होत नाही. पण नॉइज कॅन्सलिंग अर्धं गेलं आणि जबडा हलवला की आत धप धप होतं, वडापाव खाताना तर भूकंप.

माहीमचा_कान
कापड स्वतःच हवा सोडतं, सगळीकडून भोक. उघड्या पाठीच्या घरातल्या हेडफोनला चालतं, तिथे सील तसंही ढिलं धरूनच आवाज बसवलेला असतो. नॉइज कॅन्सलिंगवाल्याचं गणित कंपनीने मूळ पॅडवर बसवलेलं असतं, आतल्या हवेची जागा आणि कानाचं अंतर धरून. पॅड जास्त जाड किंवा सच्छिद्र झालं की ते गणित चुकतं. जबडा हलला की काडी हलते, फट उघडझाप करते, दाब बदलतो, आतला माइक त्याला आवाज समजून उत्तर देतो, तो तुझा धप.
म्हणून शक्य असेल तर मूळ कंपनीचे पॅड. नाही मिळाले तर चामड्यासारखा बंद थर, आत हळू फुगणारा मेमरी फोम, जाडी मूळएवढीच. आतला फोम असा असतो की काडी टेकल्यावर मिनिटाभरात अंगाच्या उष्णतेने मऊ होऊन तिच्याभोवती बसतो. म्हणून हेडफोन घातल्या घातल्या बेसचा निकाल देऊ नका, दोन मिनिटं थांबा.

प्रिया_ठाणे
आणि नवीनच घ्यायचे असतील तर? माझे जुने झालेत.

माहीमचा_कान
नाव सांगून फसत नाही, डोकी वेगळी असतात. पण दुकानात चष्मा घालूनच जा आणि हे बघ. पॅडची रुंदी, म्हणजे वाटीच्या आतल्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत किती मांस आहे. अरुंद पॅड काडी ओलांडताना दोन्ही बाजूंनी उघडं पडतं, रुंद पॅडला बोगदा लांब पडतो आणि मध्येच कुठेतरी बुजतो. मग आतलं भोक मोठं आणि खोल हवं, म्हणजे काडीने कान आत ढकलला तरी जाळीला टेकत नाही. वाटी दोन दिशांना फिरणारी हवी, नुसती वरखाली नाही, नाहीतर पुढे फट मागे दाब. आणि पकड हलकी.
वजन पण बघ. सोनीच्या डब्ल्यूएच-१००० मालिकेतले हेडफोन अडीचशे ग्रॅमच्या आसपास, अ‍ॅपलचे एअरपॉड्स मॅक्स ३८४ च्या पुढे. जड म्हणजे वाईट असं नाही, पण घसरू नये म्हणून पकड ठेवावी लागते आणि ती काडी भोगते.
काही गेमिंग हेडसेटच्या पॅडमध्ये काडीसाठी मऊ फोमची वेगळी खाच असते, टर्टल बीच त्याला ProSpecs म्हणतं. कल्पना चांगली आहे, पण खाचेत तुझी काडी बसली तरच.

निनाद_विलेपार्ले
सोनीमध्ये चष्मा ओळखणारा ऑप्टिमायझर असतो ना, मग त्याच्यावर सोडून द्यायचं की.

माहीमचा_कान
असतो, डब्ल्यूएच-१०००एक्सएम४ मध्ये तर बटण दाबून टोन वाजवून मोजतो, चष्मा आणि केस धरून. निदान चष्मा घालूनच मोजायला लाव, घरी चष्म्याशिवाय मोजून लोकलमध्ये चष्मा घातला तर उपयोग नाही. पण तो भोक बुजवत नाही, भोक आहे हे धरून उत्तर देतो. मोठ्या भोकापुढे त्याची ताकद संपते. माझा अनुभव असा, गेमर म्हणेल वेगळं.

गेमर_गोरेगाव
मी म्हणतोच वेगळं. मला जाड फ्रेमवर ऑप्टिमाइझ केल्यावर बसमध्ये चांगलाच फरक पडला.

माहीमचा_कान
बसमध्ये इंजिन ठराविक एका सुरात घुमतं, ते सोपं. लोकलची घरघर, रुळांचे सांधे, भायखळ्याचं वळण, सगळं बदलतं. पण तुझं ऐकू, मोजलेलं दोघांकडेही नाही.

दादरचा_चष्मेवाला
एक शंका मला पण आहे. सरळ काडीचे, कानामागे वळण नसलेले चष्मे येतात, खेळाडू घालतात तसे. त्यांना मागची फट पडायला नको. पण ते टिकायला डोक्याला चिमटा धरतात. कोणी हेडफोनबरोबर वापरलेत का?

प्रिया_ठाणे
माझ्या भावाकडे आहे सायकलिंगचा. विचारते त्याला.

कोपरची_कावेरी
पॅड मागवलेत, मूळ कंपनीचेच, ११०० ला पडले. तोपर्यंत प्रयोग म्हणून जुनी मेटलची फ्रेम घालून गेले आज. नंबर जुना, अर्ध्या पाट्या वाचता येत नव्हत्या, घाटकोपरला विक्रोळी समजून उठणार होते. पण डग्गा आला हो परत, थोडा का होईना. नवीन पॅड जाड फ्रेमवर कसे बसतात ते गुरुवारी सांगते, ४० हर्ट्झवर दोन्ही बाजू मोजून.

मुलुंडचे_काका
जुने पॅड टाकू नका, सोफ्याला लावून बघतो.